टिपण काढताना: दावा, आधार आणि अजून न ठरलेलं

पोरी, लांबलचक लेखाचं टिपण काढायचं असेल तर पहिल्या वाचनाला पेन हातात धरू नकोस. सगळा लेख एका बैठकीत वाचून काढ. पेन असलं की पहिल्या परिच्छेदापासून अधोरेखन सुरू होतं आणि पहिल्या परिच्छेदात बहुतेक वेळा एखादी बाई असते, तिचं गाव असतं, तिच्या हातावरचे घट्टे असतात. लेखकाने ते मुद्दाम तिथे ठेवलेलं असतं, कारण त्याशिवाय वाचक पुढे जात नाही. पण लेखाला नेमकं काय म्हणायचंय ते चौथ्या-पाचव्या परिच्छेदात एखाद्या साध्या वाक्यात येऊन जातं, आणि तोवर तुझी अर्धी शाई त्या बाईच्या वर्णनावर संपलेली असते. म्हणून आधी वाच, लेख बाजूला ठेव आणि आठवणीने एका वाक्यात लिही: हा लेख मला काय पटवू पाहतोय? मग पुन्हा लेख उघड आणि ते वाक्य त्यात खरंच आहे का, हे तपास.

तुला नुसते नियम सांगितले तर ते लक्षात राहणार नाहीत, म्हणून एक खरा लेख घेऊन बसू. एप्रिल २०१९ मध्ये ‘हिंदू बिझनेसलाइन’ या इंग्रजी दैनिकात राधेश्याम जाधव यांचा लेख आला. विषय होता बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायका आणि त्यांनी काढून टाकलेल्या गर्भपिशव्या. त्या लेखाने खळबळ उडाली, राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य सरकारला नोटीस धाडली, विधिमंडळात प्रश्न आला, समिती बसली. लेख महत्त्वाचा आहे आणि धाडसाने लिहिलेला आहे. म्हणूनच त्याचं टिपण नीट व्हायला हवं. चांगल्या लेखाचं ढिसाळ टिपण झालं की विरोधकाला आयतं कोलीत मिळतं. टिपणातलं एक वाक्य खोटं ठरवतात आणि त्यासोबत बाईचं सगळं दुःखच खोटं ठरवून मोकळे होतात. हे होताना मी डेस्कवर बसून पाहिलंय.

कागदाचे तीन उभे भाग कर. पहिल्यात दावा, दुसऱ्यात लेखाने दिलेला आधार, तिसऱ्यात अजून न ठरलेलं. हे तीन रकाने तू आधीही करतेस, पण तुझ्या पहिल्या रकान्यात असलं वाक्य येतं: ‘ऊसतोडीच्या कामासाठी बीडमधल्या बायकांना मुकादम गर्भपिशवी काढायला लावतात.’ वाचायला हे एकच वाक्य आहे, पण त्यात निदान चार दावे कोंबलेत. ते सुटे कर.

पहिला दावा, बीडमधल्या ऊसतोड बायकांमध्ये पिशवी काढण्याचं प्रमाण फार जास्त आहे. दुसरा, त्यामागे कामाची रीत आहे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, हंगामाआधी उचल घेतलेली असते, एका दिवसाचा खाडा पडला की जोडीला पाचशे रुपये दंड बसतो, आणि पाळीच्या दिवसांत खाडा पडतो. तिसरा, मुकादम हे सुचवतात, पसंत करतात किंवा भाग पाडतात. चौथा, गरज नसताना डॉक्टर या शस्त्रक्रिया करतात. आता बघ, या चारांना लागणारा पुरावा चार जातींचा आहे. पहिल्याला मोजणी लागते. दुसऱ्याला बायकांची साक्ष आणि मजुरीचा हिशेब पुरतो. तिसऱ्याला मुकादम काय बोलला, काय केलं, त्याने पैसे दिले का, हे लागतं. चौथ्याला रुग्णालयाचे कागद लागतात, शस्त्रक्रिया का केली ते कारण लागतं, काढलेल्या गर्भाशयाचा तपासणी अहवाल लागतो. चारही दावे एका वाक्यात बांधलेस तर पहिल्याचा पक्का पुरावा चौथ्यालाही लागू आहे असं वाचणाऱ्याला वाटतं. टिपणात होणाऱ्या चुकांपैकी ही सगळ्यात मोठी, आणि ती सहसा खोटेपणातून होत नाही, वाक्य आटोपशीर करण्याच्या हौसेतून होते.

म्हणून एक खूणगाठ बांध. दाव्याच्या वाक्यात ‘म्हणून’, ‘कारण’, ‘मुळे’, ‘साठी’ यांपैकी काही आलं की थांबायचं. तिथे दोन दावे जोडलेले असतात: एक घटना घडल्याचा आणि दुसरा त्या घटनेच्या कारणाचा. घटना खरी असूनही कारण न ठरलेलं असू शकतं.

आता दुसरा रकाना. इथे ‘लेखात पुरावे दिले आहेत’ एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक आधारापुढे लिही की हे कोणाला ठाऊक आहे आणि कसं ठाऊक आहे. या लेखात बायका स्वतःच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलतात. पाळी गेली म्हणजे खाडा नाही आणि एका रुपयाचंही नुकसान परवडत नाही, असा त्यांचा रोख आहे. शस्त्रक्रियेसाठी मुकादमाकडून उचल मिळते आणि ती मजुरीतून कापली जाते, असंही त्या सांगतात. हे त्यांच्या अंगावरचं आहे. स्वतःचं शरीर आणि स्वतःची मजुरी याबद्दल त्यांच्याहून चांगला साक्षीदार नाही. पण हीच बाई जेव्हा सांगते की आमच्या भागात पिशवी असलेली बाई सापडायची नाही, तेव्हा ती मोजणी करून बोलत नसते, आपल्या आसपासचं चित्र सांगत असते. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची असली तरी पहिलं प्रत्यक्ष अनुभवाचं आहे आणि दुसरं अंदाजाचं. टिपणात त्यांना एका ओळीत बसवायचं नाही.

मुकादमाची साक्ष जरा निराळी तोलावी लागते. लेखातला मुकादम म्हणतो की ठरल्या मुदतीत काम उरकायचं असतं, म्हणून पाळी येणाऱ्या बायका आम्हाला नको असतात. माणूस स्वतःच्या तोट्याचं बोलतो तेव्हा त्याला वजन असतं, कारण असं खोटं बोलून त्याचा काही फायदा नसतो. पण तोच पुढे म्हणतो की आम्ही कोणाला भाग पाडत नाही, तो घरच्यांचा निर्णय असतो. हे वाक्य त्याच्या सोयीचं आहे, तेव्हा त्याचं वजन कमी. तरी ते टिपणात आलंच पाहिजे. पहिलं वाक्य घेऊन दुसरं गाळलंस तर तू लेखकापेक्षाही पुढे गेलीस, कारण लेखकाने दोन्ही छापलीत. आरोप आणि त्याला दिलेलं उत्तर टिपणात शेजारी-शेजारी असावीत. उत्तर शेवटी वेगळ्या ओळीत टाकायचं नाही, तिथवर कोणी वाचत नाही.

क्रियापदांकडेही बघ. ‘सांगितलं’, ‘आरोप केला’, ‘मान्य केलं’, ‘आढळलं’, ‘सिद्ध झालं’ ही पाच एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मुकादमाला बिनापाळीच्या बायका हव्या असतात हे त्याने मान्य केलं. बायकांना उचल मिळते हे त्यांनी सांगितलं. पाहणीत काही आकडा आढळला. सिद्ध मात्र त्या लेखात काहीच झालेलं नाही, आणि तसा आव लेखही आणत नाही. एका परिच्छेदात तीनदा ‘सांगितलं’ आलं तरी हरकत नाही. नवेपणासाठी तिसऱ्यांदा ‘उघड केलं’ लिहिलंस की सांगणं आपोआप सिद्ध होऊन बसतं.

आकड्यांवर जरा रेंगाळू, कारण या प्रकरणात सगळ्यांची गल्लत तिथेच झाली. लेखात एका गावातल्या निम्म्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं येतं. असा आकडा दिसला की तीन प्रश्न विचारायचे: किती जणींपैकी, कोणत्या काळात, आणि मोजलं कोणी? ‘निम्म्या’ म्हणजे गावातल्या सगळ्या बायका की ऊसतोडीला जाणाऱ्या, की ज्यांना विचारलं त्या? लेखात उत्तर मिळालं तर आकड्याला चिकटवूनच लिही. न मिळालं तर ‘निम्म्या’ हा शब्द दुसऱ्या रकान्यात ठेव आणि ‘मोजणीची पद्धत दिलेली नाही’ एवढं तिसऱ्यात. आकडा गाळायचा नाही आणि त्यावर पक्केपणाचा शिक्काही मारायचा नाही.

लेखानंतर आलेले आकडे घेतले की हा धडा अजून स्पष्ट होतो. २०१८ च्या राज्य महिला आयोगाच्या एका पाहणीचा दाखला पुढे पुष्कळ ठिकाणी आला: दोनशे बायकांपैकी ३६ टक्के, म्हणजे ७२ जणींची पिशवी काढलेली. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या सगळ्याच ऊसतोड कामगार बायकांच्या नव्हत्या. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या कामातून मोठी पाहणी पुढे आली. तीत ८२,३०९ ऊसतोड बायकांची नोंद होती आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

त्या काळात मी अशी कात्रणं पाहिली की ज्यांत ४,६०५ आणि १३,८६१ शेजारी ठेवून ‘सरकारने आकडा लपवला’ असं लिहिलं होतं, आणि अशीही पाहिली की ज्यांत ४,६०५ दाखवून ‘प्रकरण फुगवलं’ म्हटलं होतं. दोघांनीही ते तीन प्रश्न विचारले नव्हते. ४,६०५ हा जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांवरच्या शस्त्रक्रियांचा आकडा आहे, फक्त तीन वर्षांचा. १३,८६१ हा फक्त ऊसतोड बायकांचा आकडा आहे आणि त्यांच्या आयुष्यात कधीही झालेली शस्त्रक्रिया त्यात धरली आहे. एक शस्त्रक्रिया मोजतो आणि दुसरा माणसं. त्यांची वजाबाकी करता येत नाही, आणि ते एकमेकांना खोटंही पाडत नाहीत.

टक्के काढायचे तर १३,८६१ भागिले ८२,३०९, म्हणजे जवळपास १७ टक्के, सहा जणींत एक. आयोगाच्या पाहणीत ते तिघींत एकीच्या वर जातं. दोन्ही टिपणात येऊ दे, पण सोबत हेही लिही की एका पाहणीत दोनशे बायका होत्या आणि दुसरीत ऐंशी हजारांवर. त्या दोनशे कशा निवडल्या होत्या हे कळल्याशिवाय ३६ टक्क्यांवरून सगळ्या जिल्ह्याबद्दल बोलता येणार नाही. आधीच त्रास असलेल्या बायकांकडे जाऊन विचारलं की टक्केवारी चढतेच.

मग तुलना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३.२ टक्के जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, आणि महाराष्ट्राचा आकडा त्याहूनही कमी, २.६ होता. सतरासमोर अडीच ठेवलं की छाती दडपते आणि ती दडपायलाच हवी. पण टिपणात ही तुलना करताना राष्ट्रीय पाहणीचं वय लिही. बीडच्या मोजणीत पन्नाशीपुढच्या बायकाही धरल्या असतील तर अंतर थोडं कमी होईल. नाहीसं मात्र होणार नाही. आणि त्याच राष्ट्रीय पाहणीत आंध्र प्रदेशाचा आकडा ९ टक्क्यांच्या जवळ होता. तिथल्या बायका बीडसारख्या कोयत्यावर जात नाहीत. म्हणजे उसाखेरीज दुसरीही कारणं असली पाहिजेत. खासगी दवाखाने, विम्याची योजना, कॅन्सरची घातलेली भीती, आणि साध्या संसर्गावर वेळेत उपचार न होणं, ही नावं जाणकार घेतात. यावरून बीडमधल्या बायकांचं म्हणणं खोटं ठरत नाही. एवढंच ठरतं की दुसऱ्या दाव्यातलं ‘कामामुळे’ हे एकमेव कारण म्हणून लिहू नये.

तिसरा रकाना बहुतेक जण आळसाने भरतात. ‘अजून पुष्टी झालेली नाही’ असं लिहून मोकळे. त्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि उलट सगळ्याच गोष्टींवर शंकेचा धूर पसरतो. इथे तू प्रश्न लिही आणि त्यापुढे हेही लिही की तो कशाने सुटेल. ‘शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या का? रुग्णालयांच्या नोंदी आणि काढलेल्या गर्भाशयाच्या तपासणीचे अहवाल पाहिले तर कळेल; लेखात ते नाहीत.’ ‘मुकादम पैसे देतात ते शस्त्रक्रियेसाठी म्हणून, की नेहमीच्या उचलीतूनच बायका ते वापरतात? मुकादमाच्या वहीतल्या नोंदी आणि टोळीतल्या इतर जोड्यांची साक्ष मिळाली तर कळेल.’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला पुढचा दरवाजा दिसतो. एखादा कार्यकर्ता किंवा वकील तिथूनच पुढे काम सुरू करू शकतो.

आणि न ठरलेल्या गोष्टींतही फरक असतो, तो दाखव. काही गोष्टी लेखकाने तपासल्याच नसतात. काहींवर दोन बाजू भिडलेल्या असतात, जसं इथे सक्तीबद्दल आहे. काही गोष्टी तेव्हा ठरलेल्या नव्हत्या, पण आज ठरल्या आहेत. आणि काही बहुधा कधीच कागदावर यायच्या नाहीत. फडावर मुकादम रात्री काय बोलला याची पावती नसते. अशा गोष्टीला पुरावा नाही म्हणून ती घडलीच नाही असं समजायचं नाही. गरिबांच्या आयुष्यातल्या फार मोठ्या भागाचा कागद नसतो, आणि त्यांच्या तोंडच्या साक्षीला त्यामुळेच जास्त काळजीने सांभाळावं लागतं.

नंतर कळलेलं त्याच लेखाच्या आधारात मिसळायचं नाही. १३,८६१ हा आकडा एप्रिलच्या लेखात नव्हता. तू तो दुसऱ्या रकान्यात टाकलास तर लेखकाने न केलेलं काम त्याच्या नावावर जमा होतं. खाली वेगळी ओळ घाल, ‘लेखानंतर’ असं लिही आणि महिना-वर्ष टाक. टिपणाच्या माथ्यावरही तू ते कधी काढलंस ती तारीख असू दे.

हे सगळं करून शेवटी टिपण केवढं व्हावं? या लेखाचं मी असं करीन.

‘मुख्य म्हणणं: बीडमधल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण फार जास्त आहे आणि त्याचा संबंध खाडा, दंड व उचल या कामाच्या रीतीशी आहे. आधार: शस्त्रक्रिया झालेल्या बायकांची स्वतःची साक्ष, दिवसाच्या खाड्याला जोडीमागे पाचशे रुपये दंड, शस्त्रक्रियेसाठी उचल मिळून ती मजुरीतून कापली जाते असं बायका सांगतात, पाळी येणाऱ्या बायका नको असतात हे एक मुकादम मान्य करतो, मात्र सक्ती नाकारतो व निर्णय घरच्यांचा असल्याचं म्हणतो, या प्रश्नावर अभ्यास केलेल्या संस्थेच्या कार्यकर्त्याचं मत. न ठरलेलं: निम्म्या बायकांचा आकडा कसा मोजला, सक्ती होते की दबाव, शस्त्रक्रियांची वैद्यकीय गरज होती का (रुग्णालयाचे कागद लेखात नाहीत). लेखानंतर, २०१९: सरकारी पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली, प्रमाण जास्त असल्याच्या म्हणण्याला त्याने बळ मिळतं, कारणाबद्दलचे प्रश्न त्याने सुटत नाहीत.’

बघ, यात त्या पहिल्या परिच्छेदातल्या बाईचं वर्णन आलं नाही, पण तिची साक्ष आली, आणि तिला जागाही आधारात पहिली मिळाली. हे लिहून झालं की टिपणातल्या एकेका वाक्यावर बोट ठेवायचं आणि मूळ लेखात ते कुठे आहे ते दुसऱ्या हाताने दाखवायचं. दाखवता आलं नाही ते वाक्य तुझं आहे, लेखाचं नाही. ते काढ, किंवा ‘टिपणकाराची नोंद’ म्हणून वेगळं लिही. मग टिपण अशा कोणाला तरी वाचायला दे ज्याने मूळ लेख पाहिलेला नाही, आणि विचार: यात काय नक्की आहे आणि काय नाही? त्याने ‘मुकादम बायकांना भाग पाडतात हे सिद्ध झालंय’ असं सांगितलं तर दोष त्याचा नाही, तुझ्या वाक्याचा आहे.

पुढच्या आठवड्यात तुझ्या संस्थेसाठी काढायच्या टिपणांपैकी सगळ्यात लांब लेख घे, त्याचे दावे आधी सुटे कर, आणि तो तीन रकान्यांचा कच्चा कागद मला पाठव. पक्कं टिपण नंतर पाहू.